उत्सवाच्या सूचनेत तिथी आणि तारीख एकत्र कशी लिहावी: गोकुळाष्टमीच्या एका आठवड्यावरून

मंदिराच्या फलकावरची सूचना वाचणारे दोन प्रकारचे असतात. एक जण भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तारीख शोधतो, दुसरा तिथी शोधतो. सूचना नीट लिहिली असेल तर दोघांचे बोट एकाच चौकटीवर पडते. ती चुकली तर अर्धे भाविक आदल्या दिवशी येऊन बंद मंडप पाहतात आणि उरलेले दुसऱ्या दिवशी येतात तेव्हा प्रसाद संपलेला असतो. बहुतेक वेळा सूचना लिहिणाऱ्याची तिथीही बरोबर असते आणि तारीखही. ती दोन्ही एकमेकांना कशी जोडायची, तिथे घोटाळा होतो.

हे समजून घ्यायला २०२५ सालच्या श्रावण वद्य पक्षातला एक आठवडा घेऊ, शनिवार ९ ऑगस्ट ते शनिवार १६ ऑगस्ट. नामसप्ताह, जन्मकीर्तन आणि काला अशी तीन अंगे असलेल्या गोकुळाष्टमी उत्सवाची सूचना लिहायची आहे, असे धरू. सूचना लिहिताना अडवणाऱ्या जवळजवळ सगळ्या गोष्टी या एकाच आठवड्यात आल्या होत्या.

आधी पंचांगातून काय उतरवून घ्यायचे

तारीख मध्यरात्री १२ ला बदलते. पंचांगाचा दिवस सूर्योदयाला सुरू होतो. तिथी मात्र या दोन्हींकडे न पाहता, चंद्र सूर्याच्या पुढे १२ अंश सरकला की बदलते, मग ती पहाट असो की भर दुपार. चंद्राची गती कमी-जास्त होत असल्याने एक तिथी साधारण १९ तासांपासून २६ तासांपर्यंत कितीही असू शकते. दिनदर्शिकेच्या चौकटीत छापलेली तिथी ही त्या दिवशी सूर्योदयाला चालू असलेली तिथी असते. दिवसभर तीच राहील असे नाही.

म्हणून दिनदर्शिकेच्या चौकटीवरून थेट सूचना लिहायला घेऊ नये. पंचांग उघडून एका कागदावर प्रत्येक दिवसासाठी चार गोष्टी उतरवाव्यात : वार, तारीख, सूर्योदयाची तिथी आणि ती तिथी किती वाजता संपते. मुंबईच्या सूर्योदयाने (त्या आठवड्यात सकाळी साधारण ६.२०) आपला कागद असा होतो :

शनिवार ९ ऑगस्ट : श्रावण पौर्णिमा, दुपारी १.२४ पर्यंत
रविवार १० : वद्य प्रतिपदा, दुपारी १२.०९ पर्यंत
सोमवार ११ : वद्य द्वितीया, सकाळी १०.३३ पर्यंत
मंगळवार १२ : वद्य तृतीया, सकाळी ८.४० पर्यंत
बुधवार १३ : वद्य चतुर्थी, सकाळी ६.३५ पर्यंत
गुरुवार १४ : वद्य षष्ठी, उत्तररात्री २.०७ पर्यंत
शुक्रवार १५ : वद्य सप्तमी, रात्री ११.४९ पर्यंत
शनिवार १६ : वद्य अष्टमी, रात्री ९.३४ पर्यंत

हा कागद समोर असला की निम्मे काम झाले. आता तो वरून खाली वाचा. बुधवारी चतुर्थी आणि गुरुवारी एकदम षष्ठी. पंचमी बुधवारी सकाळी ६.३५ ला लागली आणि गुरुवारी पहाटे ४.२३ ला संपली. दोन्ही सूर्योदय तिच्या हातून निसटले, म्हणून तिला चौकट मिळाली नाही. हा तिथीचा क्षय. याच्या उलट एखादी तिथी दोन सूर्योदयांना धरून राहिली तर ती दोन दिवसांच्या चौकटींत छापली जाते. ती वृद्धी.

बुधवारची नोंद आणखी एका कारणासाठी जपून पाहावी. मुंबईला सूर्योदय ६.२० च्या सुमारास आणि चतुर्थी संपते ६.३५ ला, म्हणजे मधे जेमतेम पाव तास आहे. महाराष्ट्राच्या पूर्व आणि पश्चिम टोकांमध्ये सूर्योदयाचा फरक याहून जास्त पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्या रेखांशांतला फरकच सुमारे २५ मिनिटांचा आहे. या बुधवारी तो फरक नागपूरच्या पथ्यावर पडला, कारण तिथे सूर्य आधी उगवतो आणि चतुर्थीच मिळते. पण एखादी तिथी मुंबईच्या सूर्योदयाआधी पाच-दहा मिनिटे संपत असेल, तर मुंबईच्या पंचांगात पुढची तिथी छापलेली असेल आणि नागपूरच्या सूर्योदयाला मागचीच चालू असेल. तिथीची समाप्ती सूर्योदयाच्या अर्ध्या तासाच्या आत दिसली, की आपल्या गावचा सूर्योदय वेगळा पाहावा.

सप्ताह दिवसांनी मोजा, तिथींनी नव्हे

आता सूचनेचे पहिले अंग. ‘श्रावण पौर्णिमा ते श्रावण वद्य सप्तमी नामसप्ताह, अष्टमीस काला’ असे लिहिले तर काय होईल ते पाहा. वाचणारा बोटे मोजतो : पौर्णिमा एक, प्रतिपदा दोन, द्वितीया तीन, असे सप्तमीपर्यंत आठ. सप्ताह सात दिवसांचा असतो हे त्याला ठाऊक असते. मग तो ठरवतो की सुरुवात पौर्णिमेला नसून प्रतिपदेला असावी. वीणेवर उभे राहणाऱ्यांचा पहारा ठरवताना असा एक दिवस इकडेतिकडे झाला तर पहिल्या रात्रीचे पहारेकरीच हजर नसतात.

प्रत्यक्षात ९ ते १५ ऑगस्ट हे बरोबर सात दिवस होते, कारण मधली पंचमी गळाली होती. म्हणून सप्ताहाच्या ओळीत दोन्ही टोकांना वार आणि तारीख लिहावी, तिथी त्यांच्या मागोमाग द्यावी आणि शेवटी ‘एकूण सात दिवस’ असे स्पष्ट शब्दांत लिहावे. क्षय किंवा वृद्धी असेल तर तीही तिथेच सांगावी : ‘वद्य पंचमीचा क्षय आहे.’ हे चार शब्द वाचले की तिथी मोजणाऱ्याची शंका तिथल्या तिथे मिटते. कार्यालयात येणारे दहा फोनही वाचतात.

पहाऱ्याचा तक्ता लावायचा असेल तर त्यात प्रत्येक रात्र दोन वारांनी लिहावी : ‘शनिवार-रविवारची रात्र’. नुसते ‘रविवार पहाटे २ ते ४’ असे लिहिले तर निम्मे लोक रविवारी रात्री जेवून येतात. बोलताना आपण उत्तररात्रीची वेळ आदल्या दिवसालाच जोडतो, पंचांगही तेच करते, आणि तारीख तेवढी पुढे गेलेली असते.

सूर्योदयाची तिथी आणि उत्सवाची तिथी

या आठवड्यातल्या मंगळवारी अंगारकी संकष्ट चतुर्थी होती. कागदावर मात्र मंगळवारपुढे तृतीया आहे. चूक कुठेच नाही. संकष्टीला चंद्रोदयाच्या वेळी चतुर्थी असावी लागते. मंगळवारी सकाळी ८.४० ला चतुर्थी सुरू झाली आणि रात्री नऊनंतर चंद्र उगवला तेव्हा ती चालूच होती. बुधवारी चंद्रोदयाला चतुर्थी उरली नव्हती. म्हणून चौकट तृतीयेची आणि व्रत चतुर्थीचे.

प्रत्येक उत्सवाची अशी स्वतःची वेळ असते. गणेश चतुर्थी आणि रामनवमी मध्यान्हाला पाहतात, महाशिवरात्र आणि कृष्णजन्म मध्यरात्रीला, दत्तजयंती प्रदोषकाळी, श्राद्धतिथी अपराह्णी. सूचना लिहिणाऱ्याने यातला निर्णय स्वतः करायचा नसतो. तो पंचांगात दिलेला असतो आणि शंका असेल तिथे मंदिराचे पुरोहित सांगतात. लिहिणाऱ्याचे काम एवढेच, की उत्सवाची तिथी आणि चौकटीतली तिथी वेगळ्या असतील तर तो फरक सूचनेत दिसला पाहिजे.

शुक्रवारी १५ ऑगस्टला हा फरक सगळ्यात अडचणीचा झाला. सूर्योदयाला सप्तमी, आणि अष्टमी लागली रात्री ११.४९ ला. म्हणजे मध्यरात्री अष्टमी होती, तीही जेमतेम. महाराष्ट्रात जन्मोत्सव याच रात्री झाला आणि काला शनिवारी १६ तारखेला. दुसऱ्या बाजूने शनिवारी सूर्योदयाला अष्टमी होती, म्हणून उदय तिथी मानणाऱ्यांनी जन्माष्टमी शनिवारी धरली. मथुरेत जन्मोत्सव १६ च्या रात्री झाला. भाविक घरी बातम्यांत ते पाहतो, दिनदर्शिकेत शनिवारच्या चौकटीत ‘वद्य ८’ वाचतो, आणि तुमच्या सूचनेतला शुक्रवार ही छपाईची चूक आहे असे समजतो.

अशा वेळी चुकीची सूचना कशी दिसते ते पाहा : ‘श्रावण व. ८, शके १९४७, रात्री १२ वा. श्रीकृष्ण जन्म.’ यात खोटे काहीच नाही. पण चौकटीत ‘८’ शोधणारा शनिवार काढेल आणि शनिवारी रात्री येईल, जन्म होऊन पूर्ण एक दिवस उलटल्यावर. ‘दि. १६ ऑगस्ट, रात्री १२ वा.’ असे लिहिले तरी तेच. मध्यरात्रीचा तो क्षण घड्याळाप्रमाणे १६ तारखेचाच होता, पण ‘१६ तारखेची रात्र’ म्हटले की माणूस १६ चा दिवस मावळल्यानंतरची रात्र समजतो. उलट ‘दि. १५ ऑगस्ट, श्रावण वद्य अष्टमी’ एवढेच लिहिले, तर दिनदर्शिकेत १५ पुढे सप्तमी पाहून तारीख खरी की तिथी, हा वाद सुरू होतो.

ओळ कशी लिहायची

यावर उपाय असा, की प्रत्येक कार्यक्रमाच्या ओळीत वार, तारीख, वेळ आणि तिथी याच क्रमाने यावे. वार सर्वांत आधी, कारण तो दोन्ही प्रकारच्या वाचकांना सारखाच ठाऊक असतो आणि तारीख किंवा तिथी चुकली तर तोच ती पकडून देतो. तारखेने दिवस ठरतो. तिथी शेवटी येते आणि हा दिवस का, ते सांगते. तिथीच्या जागी आधी सूर्योदयाची तिथी लिहावी म्हणजे ती चौकटीशी जुळते. त्यानंतर उत्सवाची तिथी किती वाजता लागते ते द्यावे. जन्मकाळाची ओळ मग अशी होते :

‘शुक्रवार दि. १५ ऑगस्ट २०२५, रात्री १२ वाजता (शनिवार उजाडण्याआधी) : श्रीकृष्ण जन्म. सूर्योदयाची तिथी श्रावण वद्य सप्तमी, रात्री ११.४९ पासून अष्टमी.’

‘शनिवार उजाडण्याआधी’ हे शब्द अगदी साधे आहेत, पण सूचनेतला सगळ्यात मोलाचा भाग तोच. मध्यरात्रीच्या वेळेपुढे फक्त तारीख लिहून कधीच भागत नाही. ‘००.००’ असे २४ तासांच्या घड्याळाचे आकडे तर टाळावेतच. काकड आरतीसारख्या पहाटेच्या कार्यक्रमालाही हीच पद्धत लावावी : ‘शनिवारी पहाटे ४ वाजता, म्हणजे शुक्रवारची रात्र सरताना’.

काल्याच्या ओळीत वेगळी अडचण आहे. अष्टमीला जन्म आणि नवमीला काला हे लोकांच्या डोक्यात पक्के असते. २०२५ मध्ये नवमीची चौकट रविवारी १७ ऑगस्टला होती. म्हणून ‘नवमीस काला’ असे सवयीने लिहून चालले नसते. तिथे ‘शनिवार दि. १६ ऑगस्ट, श्रावण वद्य अष्टमी, जन्मोत्सवाच्या दुसऱ्या दिवशी’ असे लिहायला हवे.

सगळ्या ओळी झाल्यावर तळाशी एक ओळ ठेवावी, कोणते पंचांग आणि कोणत्या गावचा सूर्योदय धरला ते सांगणारी. तिथीच्या समाप्तीच्या वेळा सर्व पंचांगांत सारख्या नसतात. जुन्या सिद्धांतांवरून केलेल्या गणितात आणि आजच्या वेधांशी जुळणाऱ्या गणितात काही वेळा तासांचा फरक पडतो. टिळक पंचांग पाळणाऱ्या घरांत काही वर्षी अधिक मासच वेगळा येतो आणि सगळे सण महिनाभर मागेपुढे होतात. त्या भाविकाला आपल्या सूचनेतली तिथी चुकीची वाटणारच. पंचांगाचे नाव दिसले की त्याला कारण कळते.

संक्षेपांचे धोके

तिथी लिहिताना जागा वाचवायला आपण जे करतो त्यातून काही हमखास चुका होतात. ‘शु. १५’ हे त्यातले सगळ्यात वाईट. लिहिणाऱ्याच्या मनात ‘शुक्रवार १५’ असते आणि वाचणारा ‘शुद्ध १५’, म्हणजे पौर्णिमा वाचतो. २०२५ मध्ये याने सहा दिवसांचा फरक पडला असता, कारण पौर्णिमा ९ तारखेला होती. ‘श्रावण व. ८’ मधला ठिपका छपाईत किंवा फोनवर गळाला तर ‘श्रावण व ८’ उरते आणि ‘व’ म्हणजे ‘आणि’ होतो. अमावास्या पंचांगात ३० लिहितात. दिनदर्शिका बारकाईने न पाहणारा तो आकडा तारीख समजतो. म्हणून फलकावर पक्ष आणि तिथी पूर्ण अक्षरांत लिहावी : ‘श्रावण वद्य अष्टमी’. आकडे तारखेसाठी आणि वेळेसाठी राखून ठेवावेत. मग सूचनेत जिथे आकडा दिसेल तिथे तो तिथीचा नाही, हे वाचणाऱ्याला आपोआप कळते.

आकडेही एकाच लिपीत असावेत. मराठीतला ४ हा इंग्रजी आठासारखा दिसतो. एका ओळीत मराठी आणि दुसरीत इंग्रजी आकडे असतील, तर लांबून वाचणारा चारचे आठ करतो.

महिन्याचे नाव सगळ्यांना एकच वाटते, पण तसे नाही. महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो, उत्तर भारतात पौर्णिमेला. त्यामुळे आपला श्रावण वद्य पक्ष त्यांचा भाद्रपद कृष्ण पक्ष असतो. शुद्ध पक्षात दोघांचा महिना एकच असतो, घोळ फक्त वद्य पक्षात होतो. मंदिरात उत्तर भारतीय भाविक येत असतील तर हिंदी सूचनेत ‘भाद्रपद कृष्ण अष्टमी’ लिहावे. मराठी ओळीचे अक्षरशः भाषांतर करू नये.

आणखी एक श्रावण सरकारी कागदावर भेटतो. भारतीय राष्ट्रीय दिनदर्शिका २२ मार्च १९५७ पासून चालू आहे. तीतही शके लिहितात आणि महिन्यांची नावे चैत्र, वैशाख अशीच आहेत, पण ते सौर महिने आहेत, चंद्राशी त्यांचा संबंध नाही. १५ ऑगस्ट २०२५ हा त्यात ‘श्रावण २४, १९४७’ होता, तर पंचांगात तोच दिवस श्रावण वद्य सप्तमी, शके १९४७. परवानगीच्या पत्रावरून तारीख उतरवून घेताना हा सौर श्रावण सूचनेत येता कामा नये.

शक काढताना गुढीपाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत इसवी सनातून ७८ वजा करावेत, आणि जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. रामदास नवमी, महाशिवरात्र, तुकाराम बीज यांच्या सूचनांत इथे नेहमी चूक होते, कारण सन बदललेला असतो पण शक जुनाच चालू असतो.

लावण्याआधीची तपासणी

सूचना तयार झाली की ती दोघांना वेगवेगळी द्यावी आणि दोघांनाही कार्यक्रम आधी सांगू नये. एकाने फक्त तारखा दिनदर्शिकेत शोधून वार लिहावेत, दुसऱ्याने फक्त तिथी शोधून वार लिहावेत. दोन कागद जुळले नाहीत तर जिथे फरक आहे तिथली ओळ अपुरी आहे. शुक्रवारच्या ओळीत सप्तमी आणि ‘११.४९ पासून अष्टमी’ दोन्ही असतील तर दुसराही शुक्रवारावरच येईल. नुसती अष्टमी असेल तर तो शनिवारी जाईल.

त्यानंतर सूचनेचा फोटो काढून फोनवर पाहावा. आजकाल लोक फलकापेक्षा फोनवरच जास्त वाचतात आणि पुढे पाठवताना फक्त एखाद्या कार्यक्रमाची ओळ कापून पाठवतात. म्हणून महिना वरच्या मथळ्यात आणि तारीख खाली अशी फाटाफूट नको. कापलेल्या एका ओळीतही वार, तारीख, महिना आणि सन पूर्ण असायला हवेत.

जुन्या सूचनेत फक्त तारीख बदलून नवी काढण्याच्या सवयीने सन लिहिण्याचे महत्त्व आणखी वाढते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आहे, १७ मे ते १५ जून. म्हणून गोकुळाष्टमी पुढे सरकून शुक्रवारी ४ सप्टेंबर २०२६ ला येते, शके १९४८. वार पुन्हा शुक्रवारच! जुना फोटो कुणी पुढे पाठवला तर वार बरोबर वाटेल आणि तारखेकडे दुर्लक्ष होईल. शिवाय त्या शुक्रवारी सूर्योदयालाच अष्टमी असल्याने ‘सप्तमी, रात्री ११.४९ पासून अष्टमी’ हा भाग पूर्ण काढून टाकावा लागेल. क्षयाची ओळही तशीच राहू देऊ नये. २०२६ चे पंचांग घेऊन वार, तारीख, सूर्योदयाची तिथी आणि समाप्तीची वेळ यांचा कागद पुन्हा पहिल्यापासून करावा, आणि सूचना त्यावरूनच लिहावी.